मेळ बसला, पण कशाशी?

गेल्या महिन्यात घरखर्चाच्या शीटबद्दल लिहिलं होतं. त्यानंतर ज्यांच्या घरी दुकान आहे अशा दोघा-तिघांनी जवळपास एकच प्रश्न विचारला. रात्री गल्ला मोजला की तो वहीशी जुळत नाही, आणि मग जेवणाच्या ताटावर सगळ्यांची तोंडं वाकडी. याचं काही करता येतं का? मी इंजिनिअर असलो तरी यातलं जे काही शिकलो ते मामाकडे. बेळगावात खडेबाजाराला लागून असलेल्या एका गल्लीत त्याचं वह्या-पुस्तकांचं दुकान आहे. मी घरून काम करायला लागल्यापासून शाळा उघडायच्या दिवसांत संध्याकाळी त्याच्याबरोबर मेळाला बसतो.

गणित सगळ्यांना ठाऊक असतं. सकाळची शिल्लक घ्या, त्यात दिवसभर आलेली रोकड मिळवा, दिलेली रोकड वजा करा. जे उरेल तेवढेच पैसे रात्री गल्ल्यात असले पाहिजेत. जुनी माणसं या वहीला रोजमेळ किंवा रोजकीर्द म्हणतात. मामाच्या वहीत डावीकडे जमा, उजवीकडे नावे, आणि जमेच्या पहिल्या ओळीत काल रात्री मोजलेली शिल्लक. चौथीतल्या मुलाला जमेल इतकी सोपी बेरीज-वजाबाकी आहे. अवघड गोष्ट वेगळीच आहे. या हिशोबाला दोन बाजू आहेत, एक वहीची आणि एक गल्ल्याची, आणि त्या एकमेकींना न विचारता तयार झाल्या पाहिजेत.

हे बोलायला विचित्र वाटेल, पण कित्येक दुकानांत त्या तशा तयार होतच नाहीत. तिथे दिवसभराची विक्री कुणी लिहितच नाही. रात्री गल्ला मोजतात, त्यात दिवसभराचा खर्च मिळवतात, सकाळची शिल्लक वजा करतात आणि जो आकडा येईल तो ‘आजची विक्री’ म्हणून वहीत टाकतात. अशा दुकानाचा मेळ वर्षाचे सगळे दिवस बसतो. गल्ल्यातून हजार रुपये गेले तर विक्री हजाराने कमी दिसेल, आणि मेळ तरीही बसेल. आमच्या भाषेत सांगायचं तर टेस्टचं उत्तर प्रोग्रॅमलाच विचारून लिहिल्यासारखं झालं. विक्री हा आकडा बिलांवरून यायला हवा आणि शिल्लक हा आकडा नोटांवरून. दोन्ही वेगवेगळ्या वाटांनी आले, तरच ते भेटले की नाही याला काही अर्थ आहे.

तुम्ही एक्सेलमध्ये हा मेळ मांडलात तरी तोच नियम लागू आहे. ‘मोजलेली रोकड’ या खान्यात कधीही सूत्र नको, तिथे हाताने टाकलेला आकडाच हवा. ‘असायला हवी ती रोकड’ हा खाना वेगळा, तिथे सूत्र. तिसऱ्या खान्यात फरक. एका ओळखीच्यांच्या शीटमध्ये पहिले दोन खाने एकच करून टाकलेले होते. फरकाचा खाना अर्थातच कायम शून्य.

बिलांचं म्हणाल तर दोन रुपयांच्या खोडरबराला कुणी बिल फाडत नाही. जीएसटीच्या नियमातही त्याला जागा आहे. नोंदणी नसलेल्या गिऱ्हाइकाने मागितलं नाही, तर २०० रुपयांच्या आतल्या विक्रीला वेगळं बिल द्यावं लागत नाही. मात्र अशा सगळ्या विक्रीचं दिवसाअखेर एक एकत्र बिल करावं लागतं. मामाकडे त्यासाठी काउंटरवर फुटकळ विक्रीचा कागद असतो. पेन गेलं की १०, पट्टी गेली की १५, असे आकडे त्यावर पडत जातात. गर्दीत काही सुटतात, पण कागदच नसण्यापेक्षा ते पुष्कळ बरं.

आता मोजणीचं. मामीचा दंडक असा की वहीची बेरीज झालेली असली तरी गल्ला मोजणाऱ्याला ती सांगायची नाही. कारण साधं आहे. ८,५४५ यायला हवेत हे माहीत असलं की माणूस ८,५४५ येईपर्यंत मोजतो आणि ते आले की थांबतो. कमी आले तर पुन्हा मोजतो, बरोबर आले तर कधीच पुन्हा मोजत नाही. म्हणून आधी नोटा वेगळ्या करायच्या, प्रत्येक किमतीच्या किती ते कागदावर लिहायचं, मग गुणाकार आणि बेरीज. नुसती एकूण रक्कम लिहिलेली नको. नोटांचा तपशील असला की दुसऱ्या दिवशीसुद्धा त्याचा उपयोग होतो. सकाळी गल्ला उघडताना पाचशेच्या दहाच नोटा आहेत ना, एवढं बघून होतं.

दुसरा दंडक चिठ्ठीचा. गल्ल्यातून नोट उचलली की तिच्या जागी चिठ्ठी पडली पाहिजे, मग ते चहाचे २० रुपये असोत की हमालाचे १५०. हा नियम नोकरांसाठी असतो असा समज आहे. प्रत्यक्षात तो मालकासाठी असतो. ‘जरा भाजी घेऊन येतो’ म्हणून मामाने उचललेली शंभराची नोट हे आमच्या मेळातल्या फरकाचं सगळ्यात नेहमीचं कारण होतं, आणि ते कधी कधी भाजी खाऊन झाल्यावर आठवायचं.

जूनमधल्या एका शनिवारचा मेळ सविस्तर सांगतो. त्या दिवशी सकाळची शिल्लक ४,३५० रुपये होती. वहीप्रमाणे रोखीची विक्री १८,७६५ आणि एका क्लासवाल्यांकडून जुन्या उधारीपैकी आलेले २,४००. म्हणजे एकूण २५,५१५. नावे बाजूला वह्यांच्या व्यापाऱ्याला दिलेले ६,०००, टेम्पो आणि हमाली ३५०, चहा १२०, काउंटरवरच्या मुलाची उचल ५००, आणि दुपारी बँकेत भरलेले १०,०००. हे झाले १६,९७०. म्हणजे गल्ल्यात ८,५४५ हवे होते.

मामीने मोजले. पाचशेच्या १०, दोनशेच्या ४, शंभराच्या ११, पन्नासच्या ५, विसाच्या ६, दहाच्या ९ आणि ५५ रुपयांची नाणी. एकूण ७,४१५.

“अकराशे तीस कमी आहेत बघ,” मामा म्हणाला. मग थोडं थांबून हळूच, “आज ह्यानं पाचशे उचल घेतलेली.”

काउंटरवरचा मुलगा शटरजवळ उभा होता. वय एकोणीस-वीस, दीड वर्षापासून दुकानात. त्याने ऐकलं असणारच. तो काही बोलला नाही, पण घरी जायलाही निघाला नाही. माझ्या मते मेळाचा खरा प्रश्न इथे असतो. आकडा कमी आला की घरात सगळ्यांच्या नजरा एकाच दिशेला वळतात, आणि ती दिशा बहुतेक वेळा मेळाने ठरवलेली नसते, आधीच ठरलेली असते. ११३० या आकड्यात उचल घेतली या गोष्टीचा काहीही पुरावा नव्हता. पाचशेची उचल वहीत लिहिलेली होती, तिची चिठ्ठीही होती. लिहिलेल्या उचलीने फरक पडत नाही.

अशा वेळी वही पहिल्या पानापासून चाळत बसू नये. फरकाचा आकडाच कुठे बघायचं ते बरंचसं सांगतो. आधी नोटा दुसऱ्या माणसाने एकदा मोजायच्या. ते झालं, ७,४१५ च आले. मग बेरजा पुन्हा करायच्या. त्याही बरोबर होत्या. त्यानंतर तेवढ्याच रकमेची एखादी नोंद सुटली आहे का ते बघायचं. ११३० ची चिठ्ठी नव्हती, कुणाला तेवढे दिल्याचंही आठवत नव्हतं. मग फरकाचं निम्मं करायचं. एखादी रक्कम नावे लिहायची ती जमेला लिहिली गेली, तर फरक तिच्या दुप्पट पडतो. निम्मे ५६५. तशी रक्कमही वहीत कुठे नव्हती.

पुढचा संशयित यूपीआय. हल्लीच्या दुकानात रोकड कमी दिसण्याचं हे मोठं कारण आहे, आणि याच्यात कुणीच काही नेलेलं नसतं. बिल फाडताना त्यावर ‘रोख’ लिहिलं जातं. गिऱ्हाईक खिसा चाचपतं, सुट्टे नाहीत म्हणतं आणि क्यूआर स्कॅन करतं. पैसे मामाच्या खात्यात पोचतात, बिल मात्र रोखीच्या गठ्ठ्यात जातं. वही म्हणते रोकड आली, गल्ला म्हणतो नाही आली, आणि दोघंही आपापल्या जागी खरे. हे शोधायला बिलं उलटीपालटी करावी लागत नाहीत. ‘यूपीआय’ लिहिलेल्या बिलांची बेरीज करायची आणि ॲपमधल्या त्या दिवसाच्या एकूण रकमेशी ताडायची. आमची बिलं ८,७४० ची होती, ॲप ९,२४० दाखवत होतं. पाचशे जास्त. ॲपच्या यादीत दुपारी पाचशेची एक जमा सापडली, आणि तिच्या जोडीचं बिल रोखीच्या गठ्ठ्यात निघालं.

इथे मामा म्हणाला, “झालं की मग, पाचशे सापडले.” बरीच माणसं इथे थांबतात. मोठा फरक एकाच चुकीतून येतो अशी आपली समजूत असते. गर्दीच्या दिवशी तसं क्वचितच घडतं. एक चूक सापडली की तिची रक्कम वजा करून उरलेल्या फरकाकडे नव्या प्रश्नासारखं बघायचं. आता उरले ६३०.

आणि ६३० ला नऊने पूर्ण भाग जातो. हिशोबनीस लोकांची ही जुनी युक्ती आहे, पण ती का चालते हे सांगणारे कमी भेटतात. समजा ४६ चे ६४ लिहिले गेले. चार दशकाच्या घरातून एककात गेला आणि सहा एककातून दशकात. सहाला दहापट किंमत मिळाली, म्हणजे त्याच्या नऊपट वाढ, आणि चारची तेवढीच नऊपट घट. म्हणून फरक नेहमी त्या दोन अंकांमधल्या अंतराच्या नऊपट येतो: ६४ वजा ४६ म्हणजे १८, नऊ गुणिले दोन. शून्य जास्त पडला, म्हणजे ७० चे ७०० झाले, तरी फरक नऊच्या पटीतलाच येतो, कारण रक्कम दहापट झाली आणि मूळ रक्कम एकदा वजा गेली.

आता ६३० ला नऊने भागलं की ७० येतात. शेवटचा शून्य सांगतो की गोंधळ दशक आणि शतकाच्या घरात आहे. सात सांगतो की अदलाबदल झालेल्या दोन अंकांत सातचं अंतर आहे. सातचं अंतर असलेल्या जोड्या तीनच: शून्य-सात, एक-आठ आणि दोन-नऊ. शिवाय फरकाची दिशाही आपल्याला माहीत आहे. वही गल्ल्यापेक्षा जास्त सांगते आहे. म्हणजे चूक जमेला असेल तर रक्कम वाढवून लिहिली आहे, तेव्हा शतक-दशकात ७०, ८१ किंवा ९२ असलेले आकडे बघायचे. चूक नावे बाजूला असेल तर रक्कम कमी लिहिली आहे, तेव्हा ०७, १८ किंवा २९. नावे बाजूला असं काही नव्हतं. रोखीच्या बिलांची यादी साठ-सत्तर ओळींची होती, त्यात असे आकडे फक्त तीन निघाले. तिसऱ्याचं बिल काढलं तर बिलावर १,२९२ आणि यादीत १,९२२. यादी मामाच्याच अक्षरात होती.

वजा केल्यावर खरी रोखीची विक्री १७,६३५ आली. त्यात सकाळचे ४,३५० आणि उधारीचे २,४०० मिळवले, १६,९७० वजा केले, आणि ७,४१५ आले. मामीने मोजलेत तेवढेच. मामाने वहीत १८,७६५ वर आडवी रेघ मारून शेजारी नवा आकडा लिहिला आणि सही केली. खाडाखोड किंवा पांढरी शाई नाही, जुना आकडा वाचता आला पाहिजे. मग मुलाला म्हणाला, “जा रे आता, उशीर झाला तुला.” त्याहून जास्त काही बोलला नाही. मामीने मात्र सोमवारपासून नोटा मोजायला त्या मुलालाच शेजारी बसवलं, तपशिलाच्या कागदावर त्याची सही घ्यायला लागली. माझ्या मते हे मामाच्या न बोललेल्या वाक्यापेक्षा उपयोगी होतं.

नऊच्या युक्तीवर फार विसंबू मात्र नका. कोणताही आकडा डोळे मिटून घेतलात तरी नऊपैकी एकदा त्याला नऊने भाग जाणारच. ती चूक सिद्ध करत नाही, शोधायची जागा कमी करते एवढंच. बिल हातात येऊन आकडा प्रत्यक्ष वेगळा दिसेपर्यंत काही सापडलं असं म्हणायचं नाही. एकात एक मिसळलेल्या चुका असल्या तर ती चालतही नाही. आधी पाचशे बाजूला काढले नसते तर ११३० ला नऊने भागून पाच बाकी राहिली असती आणि ही वाट बंदच दिसली असती.

आता दुसरी बाजू, जी माझ्या मते जास्त महत्त्वाची. त्या रात्री फरक शून्य आला असता, तर मुलाने काहीच नेलं नाही हे सिद्ध झालं असतं का? नाही. एखाद्याने गिऱ्हाइकाकडून २०० रुपये घेतले, बिल केलं नाही, फुटकळच्या कागदावरही लिहिलं नाही आणि नोट खिशात टाकली, तर वहीत काही नाही आणि गल्ल्यातही काही नाही. मेळ तंतोतंत बसतो. म्हणजे ज्या चोरीची मामाला भीती वाटते, ती या हिशोबात दिसतच नाही. जो फरक दिसतो तो बहुतेक वेळा लिहिण्यातला असतो. न लिहिलेली विक्री पकडायची तर दुसरीकडे बघावं लागतं: बिलांचे क्रमांक सलग आहेत का, आणि आठवड्यातून एकदा एखाद्या महागड्या मालाचे नग मोजून ते खरेदी-विक्रीशी जुळतात का.

तसंच दोन उलट चुका एकमेकींना झाकतात. तीनशेची विक्री लिहायची राहिली आणि तीनशेचा खर्चही राहिला, तर फरक शून्य. अशा ठिकाणी एक छोटी तपासणी कधी कधी कामाला येते. दिवसभराच्या नोंदी ज्या क्रमाने झाल्या त्या क्रमाने शिल्लक काढत जायची. ती मध्येच कुठे शून्याखाली गेली, तर तिथे काहीतरी लिहायचं राहिलं आहे, कारण गल्ल्यात नसलेली नोट कुणालाही देता येत नाही. त्या शनिवारी दहा हजार बँकेत भरताना गल्ल्यात तेवढी रोकड असायलाच हवी होती. कर सल्लागारही वर्षाअखेर रोकड वहीत हे बघतात.

उलट दिशेचा फरक, म्हणजे पैसे जास्त निघणं, याचा लोकांना आनंद होतो. होऊ नये. जास्त निघालेले पैसे म्हणजे न लिहिलेली विक्री, न लिहिलेली वसुली, किंवा कुणालातरी कमी परत दिलेली मोड. सुट्ट्यांच्या जागी दिलेलं चॉकलेटसुद्धा यातच येतं. ४८ चं बिल, ५० ची नोट आणि दोन रुपयांचं चॉकलेट. गल्ल्यात दोन रुपये जास्त, कारण चॉकलेटची विक्री कुणी लिहिली नाही. दिवसात वीस वेळा झालं की ४० रुपये. मामाने त्यासाठी फुटकळच्या कागदावर चॉकलेटला एक कोपरा दिला आहे, तिथे नुसत्या उभ्या रेघा मारतात.

आणि सगळं करूनही सापडला नाही तर? अर्धा तास ही मर्यादा मी सुचवली आणि मामीने ती मान्य केली. त्यानंतर फरक विक्रीत मिसळायचा नाही, भाजीच्या नावावर टाकायचा नाही. मेळाच्या खाली ‘रोख कमी’ किंवा ‘रोख जास्त’ असं लिहून रक्कम मांडायची आणि उद्याची शिल्लक मोजलेल्या आकड्यापासूनच सुरू करायची. वहीतला आकडा पुढे नेला, तर आजचा फरक उद्याच्या हिशोबात शिरतो आणि मग कोणत्या दिवसाचा कोणता ते कधीच कळत नाही.

हे फरक वहीच्या मागच्या पानावर एकाखाली एक येत गेले की त्यांचं वळण दिसायला लागतं. कधी दहा जास्त, कधी पंधरा कमी, असं दोन्हीकडे होत असेल तर ती मोड देतानाची घाई आहे. नेहमी कमीच, आणि तेही ठरावीक वारी, असं दिसलं तर त्या वारी काय वेगळं घडतं ते बघायचं. मामाच्या पानावर जूनचे सव्वीस दिवस आहेत. सतरा दिवस शून्य, आठ दिवस वीस रुपयांच्या आत इकडे-तिकडे, आणि एका मंगळवारी २०० रुपये कमी. ते २०० अजून सापडलेले नाहीत. मामा म्हणतो भाजी नव्हती, त्या दिवशी मामीने बाजार केला होता.